चेंडू सापडेना, तर मोजायचे कुठून?

क्रिकेटमध्ये फलंदाजाने मारलेला चेंडू मैदानाबाहेरच्या झुडपांत गडप झाला, तर पंच साधारण तितकाच वापरलेला दुसरा चेंडू काढून देतात आणि खेळ पुढे सुरू होतो. फलंदाजाचे त्यात काही बिघडत नाही. गोल्फमध्ये मात्र चेंडू हरवला की त्याची किंमत खेळाडूच्याच कार्डावर चढते. टीव्हीवर सामना बघताना एखाद्या खेळाडूचा पहिला फटका झाडीत जातो, तो त्याच जागेवरून दुसरा चेंडू मारायला उभा राहतो आणि समालोचक सांगतो, ‘हा त्याचा तिसरा फटका.’ नवखा प्रेक्षक इथेच अडखळतो. मारला एकदाच, मग हा तिसरा कसा?

एरवी गोल्फची मोजणी अगदी सोपी आहे. टीवरून मारलेल्या पहिल्या फटक्यापासून चेंडू होलात पडेपर्यंत जितके फटके लागले, तितका त्या होलचा स्कोअर. अठरा होलांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो जिंकला. एखादे होल चांगल्या खेळाडूने किती फटक्यांत संपवावे, त्या आकड्याला पार म्हणतात. पारपेक्षा एक फटका जास्त लागला तर बोगी, एक कमी लागला तर बर्डी. पेनल्टीचा फटका म्हणजे खेळाडूने प्रत्यक्ष न मारलेला, पण बेरजेत धरला जाणारा फटका. टीवरून मारलेला चेंडू हरवला, तर तो मारलेला फटका एक आणि पेनल्टीचा एक, असे दोन खर्ची पडले. म्हणून पुन्हा टीवरून मारायचा फटका तिसरा.

चेंडू हरवो, पाण्यात जावो की झुडपात अडको, पेनल्टी बहुतेक वेळा एकाच फटक्याची असते. तरीही हरवलेला चेंडू सर्वांत महाग पडतो. त्याचे कारण एका प्रश्नात आहे: पुढचा चेंडू ठेवायचा कुठे? चेंडू डोळ्यांसमोर असेल तर त्याच्या जागेपासून मोजून थोडा बाजूला घेता येतो. पाण्यात गेला असेल तर तो काठ कुठे ओलांडून गेला ते ठाऊक असते, म्हणून तिथून मोजता येते. हरवलेल्या चेंडूची मात्र एकच जागा खात्रीने माहीत असते, ती म्हणजे जिथून तो मारला ती. म्हणून पुन्हा तिथूनच मारायचे. फटकाही गेला आणि अंतरही गेले. हे सूत्र लक्षात ठेवले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

तीन मिनिटांचे घड्याळ

चेंडू हरवला हे ठरवते घड्याळ. गोल्फचे नियम आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्था मिळून करतात. त्यांनी २०१९ साली नियमांची मोठी फेरमांडणी केली. त्याआधी चेंडू शोधायला पाच मिनिटे मिळत, ती तीनवर आली. खेळाडू किंवा त्याचा कॅडी शोधायला लागला की घड्याळ सुरू होते. कडेला उभे असलेले प्रेक्षक आधीपासून गवत तुडवत असतील, तर ती वेळ धरत नाहीत. तीन मिनिटांत चेंडू सापडला नाही, की तो हरवला. चौथ्या मिनिटाला तो पायाशी दिसला तरी त्याचा उपयोग नाही.

‘जाऊ दे, हरवला’ असे नुसते म्हणून चेंडू हरवत नाही. वेळ संपावी लागते, किंवा खेळाडूने मागच्या जागेवरून दुसरा चेंडू खेळात आणावा लागतो. शोधताना चुकून पाय लागून चेंडू हलला तर २०१९ पासून त्याला पेनल्टी नाही. तो होता तिथे परत ठेवायचा. मात्र सापडलेला चेंडू आपलाच आहे हे ओळखता आले पाहिजे, म्हणून जाणते खेळाडू चेंडूवर पेनाने ठिपका किंवा रेघ काढून ठेवतात. दुसऱ्याचाच चेंडू मारला तर स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या स्पर्धेत, दोन फटक्यांची पेनल्टी बसते. शिवाय चूक सुधारून आपला चेंडू खेळावा लागतो तो वेगळाच.

पांढऱ्या खुंटांनी आखलेल्या हद्दीबाहेर संपूर्ण चेंडू गेला, तर तिथेही हाच हिशेब लागतो. चेंडू कुंपणापलीकडे स्वच्छ दिसत असला तरी ती जागा खेळाच्या मैदानात धरलीच जात नाही, म्हणून तिच्यापासून मोजता येत नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यात या नियमाची दोन टोके एकाच दुपारी बघायला मिळतात. उंचावरून आलेला चेंडू भिजलेल्या मातीत रुतून बसला आणि सापडला, तर फेअरवे किंवा रफमध्ये तो पेनल्टीशिवाय बाहेर काढून शेजारी ड्रॉप करता येतो. पण तो मातीत कुठे रुतला हेच कळेना, तर तो सरळ हरवलेला. उलट, सगळ्यांच्या देखत पावसाच्या डबक्यात पडलेला चेंडू हाताला नाही लागला, तरी तो डबक्यातच आहे याची खात्री असल्यामुळे दुसरा चेंडू फुकट घेता येतो. सापडले दोन्हीकडे काही नाही. फरक फक्त एवढाच की एका ठिकाणी जागा माहीत आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही.

परत चालत यावे लागू नये म्हणून

दोनशे मीटर चालत जायचे, तीन मिनिटे झुडपे धुंडाळायची आणि मग पुन्हा टीवर चालत यायचे, तर मागचे सगळे गट तुंबतील. यावर प्रोव्हिजनल चेंडूची सोय आहे. फटका झाडीकडे किंवा हद्दीकडे गेलासा वाटला, तर पुढे शोधायला निघण्याआधी तिथूनच दुसरा चेंडू मारून ठेवायचा. अट अशी की सोबतच्यांना ऐकू जाईल असे ‘प्रोव्हिजनल मारतोय’ म्हणून सांगायला हवे. ‘अजून एक मारतो’ एवढे पुरत नाही. शब्द चुकला की तो दुसरा चेंडूच खेळातला ठरतो, आणि मग पहिला दहा सेकंदांत सापडला तरी तो खिशात घालायचा.

पार चारचे होल आहे असे समजा. पहिला फटका दोनशे मीटरवरच्या झाडीत गेला. खेळाडूने सांगून प्रोव्हिजनल मारला, तो दीडशे मीटरवर फेअरवेत पडला. तिथे पोचल्यावर त्याने तो आणखी एकदा मारला. पहिला चेंडू जिथे असावा त्या जागेच्या मागूनच हा फटका मारला गेल्यामुळे दुसरा चेंडू अजून प्रोव्हिजनलच आहे. आता झाडीत शोध सुरू होतो. पहिला सापडला, तर प्रोव्हिजनलवर मारलेले दोन्ही फटके आणि पेनल्टी पुसली जाते, आणि पुढचा फटका दुसरा. नाही सापडला, तर पहिला फटका एक, पेनल्टी दोन, प्रोव्हिजनल तीन, फेअरवेतला चार, आणि पुढचा पाचवा.

खरी गंमत पुढे आहे. समजा प्रोव्हिजनल होलाजवळ झकास पडला आहे आणि पहिला चेंडू काटेरी जाळीत गेला असणार हे दिसतेच आहे. अशा वेळी तो न सापडलेलाच बरा. खेळाडूने स्वतः शोधलेच पाहिजे असे नियम म्हणत नाही. तो सरळ पुढे जाऊन प्रोव्हिजनल मारू शकतो. पहिल्या चेंडूच्या अंदाजित जागेपेक्षा होलाला जवळ असलेल्या ठिकाणाहून प्रोव्हिजनलवर फटका बसला, की पहिला आपोआप हरवलेला ठरतो. मात्र तो फटका बसण्याआधी, तीन मिनिटांच्या आत, प्रतिस्पर्ध्याने जाळीत हात घालून पहिला चेंडू शोधून दाखवला, तर प्रोव्हिजनल रद्द. आता तो जाळीतलाच चेंडू खेळायचा. खेळणे शक्य नसेल तर त्यावर वेगळी पेनल्टी घ्यायची, पण झकास पडलेल्या प्रोव्हिजनलकडे परत जाता येत नाही.

खेळता येत नाही, हे कोण ठरवणार?

चेंडू सापडला पण मारता येण्यासारखा नाही, हे ठरवायचा अधिकार फक्त खेळाडूचा. पंचाला किंवा प्रतिस्पर्ध्याला विचारायची गरज नाही, आणि चेंडू खरोखरच अडकलेला असला पाहिजे असेही नाही. एक फटका पेनल्टी घेतली की तीन वाटा मोकळ्या होतात. पहिली, मागचा फटका जिथून मारला तिथे परत जायचे. दुसरी, होल आणि चेंडू यांना जोडणारी सरळ रेषा मनात आखून तिच्यावर मागे हवे तितके जायचे आणि तिथे चेंडू ड्रॉप करायचा. तिसरी, चेंडूच्या जागेपासून दोन क्लबच्या लांबीच्या आत, पण होलाला जवळ न जाता, ड्रॉप करायचा. मोजायला पटर सोडून आपल्या पिशवीतला सर्वांत लांब क्लब धरतात, म्हणजे बहुधा ड्रायव्हर. दोन ड्रायव्हर म्हणजे साधारण सव्वादोन मीटर. ड्रॉप करताना चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा असतो. २०१९ पूर्वी तो खांद्याच्या उंचीवरून सोडत.

दुसरी वाट कुठवर नेऊ शकते हे २३ जुलै २०१७ रोजी इंग्लंडमधल्या रॉयल बर्कडेल मैदानावर जगाने पाहिले. ओपन चॅम्पियनशिपची शेवटची फेरी होती. अमेरिकेचा जॉर्डन स्पीथ आणि त्याचाच देशबांधव मॅट कूचर तेराव्या होलच्या टीवर बरोबरीत उभे होते. पार चारच्या त्या लांबलचक होलवर स्पीथचा फटका उजवीकडे इतका भरकटला की प्रेक्षकांच्या डोक्यावरून पार एका वाळूच्या उंच टेकाडापलीकडे गेला. चेंडू सापडला, पण चढावरच्या दाट गवतात असा रुतला होता की मारणे अशक्य. स्पीथने तो न खेळण्याजोगा ठरवला.

आता तीन वाटा बघू. टीवर परत गेला असता तर सगळे होल पुन्हा समोर पसरलेले आणि तिसरा फटका मारायचा. दोन क्लब बाजूला गेला असता तर त्याच टेकाडाच्या त्याच गवतात. उरली मागे जाणारी रेषा. ती टेकाड उतरून थेट सरावाच्या मैदानात जात होती. स्पीथने पंचांना विचारले, सरावाचे मैदान हद्दीत येते का? येत होते. मग तो रेषेवर मागे मागे जात त्या सपाट हिरवळीपर्यंत पोचला. तिथे क्रीडासाहित्य कंपन्यांचे ट्रक उभे होते. ते तात्पुरते अडथळे असल्यामुळे त्यांच्यापासून बाजूला यायला वेगळी पेनल्टी नव्हती. या सगळ्या शोधाशोधीत आणि चर्चेत सुमारे वीस मिनिटे गेली. कूचर तोवर वाट बघत थांबला होता.

ग्रीन दिसत नव्हते. मध्ये टेकाड आडवे होते. स्पीथ आणि त्याचा कॅडी मायकेल ग्रेलर यांनी टेकाडावर चढून दिशा आणि अंतराचा अंदाज घेतला, आणि स्पीथने थ्री आयर्नने चेंडू पलीकडे टोलवला. तो ग्रीनच्या थोडा अलीकडे पडला. तिथून छोटा उंच फटका, मग एक पट, आणि चेंडू होलात. मोजा: टीवरचा एक, पेनल्टी दोन, सरावाच्या मैदानातून तीन, ग्रीनवर आणणारा चार, पट पाच. पार चारच्या होलवर पाच, म्हणजे फक्त बोगी. कूचरने पार केला आणि तो एका फटक्याने पुढे गेला. पुढच्या चार होलांवर स्पीथने बर्डी, ईगल, बर्डी, बर्डी अशी मजल मारली आणि तीन फटक्यांनी ओपन जिंकली.

या होलवर त्याला वाचवले ते चेंडू सापडण्याने. तो चेंडू त्या गवतात सापडलाच नसता, तर होलापासून रेषा आखायला दुसरे टोकच उरले नसते. मागच्या दोन वाटा बंद होऊन त्याला टीवर परतावे लागले असते. पेनल्टी तेवढीच, एका फटक्याची, पण एवढा लांब आलेला चेंडू पुन्हा शून्यावर.

एक इशारा बंकरबाबत. वाळूच्या खड्ड्यात चेंडू अडकला तर एका फटक्याच्या पेनल्टीत रेषेवर मागे किंवा दोन क्लब बाजूला जाता येते, पण ड्रॉप बंकरच्या आतच करावा लागतो. त्याच रेषेवर बंकरबाहेर यायचे असेल तर पेनल्टी दोन फटक्यांची.

पाणी, आणि तेराचा आकडा

तळे, ओढा, कधी नुसती दाट झाडीसुद्धा लाल किंवा पिवळ्या खुंटांनी आखून पेनल्टी एरिया केलेली असते. तिथे चेंडू न खेळण्याजोगा ठरवता येत नाही. एक तर आहे तसा, पेनल्टीशिवाय मारायचा, नाहीतर एक फटका देऊन बाहेर यायचे. बाहेर येताना मागच्या जागेवर जाता येते, किंवा चेंडूने काठ शेवटचा जिथे ओलांडला तो बिंदू आणि होल यांच्या रेषेवर मागे जाता येते. खुंट लाल असतील तर त्या बिंदूपासून दोन क्लब बाजूलाही चालते. चेंडू सापडलाच पाहिजे असे नाही, पण तो तिथेच गेला याची जवळजवळ खात्री हवी. नियमकर्त्यांच्या मते ही खात्री किमान ९५ टक्के असावी. ‘पाण्यातच गेला असेल’ एवढ्यावर भागत नाही. पाण्याशेजारी उंच गवतही असेल आणि चेंडू कुठे गेला ते कोणी पाहिले नसेल, तर तो हरवलेला.

पेनल्टी कशी साठत जाते याचे उदाहरण म्हणून एप्रिल २०१८ च्या मास्टर्स स्पर्धेतला सर्जिओ गार्सिया आठवावा. आदल्या वर्षी त्याने ही स्पर्धा जिंकली होती. पहिल्याच फेरीत, पार पाचच्या पंधराव्या होलवर त्याचा दुसरा फटका ग्रीनसमोरच्या तळ्यात गेला. एक पेनल्टी म्हणजे तीन, आणि चौथा फटका तळ्यात. पेनल्टी पाच, सहावा तळ्यात. पेनल्टी सात, आठवा तळ्यात. पेनल्टी नऊ, दहावा तळ्यात. पेनल्टी अकरा, बारावा एकदाचा ग्रीनवर राहिला आणि तेरावा होलात. पाच चेंडू तळ्यात गेले, प्रत्यक्ष मारलेले फटके आठ आणि पेनल्टीचे पाच. पाण्यात गेलेला प्रत्येक चेंडू एकूण दोन फटक्यांचा पडतो: जो मारला तो, आणि जो मारला नाही तो.

क्लबातल्या खेळाडूसाठी

स्पीथच्या मागे पंच, कॅमेरे आणि हजारो डोळे होते. रविवारी सकाळी चौघांत खेळणाऱ्या माणसाकडे यातले काहीच नसते. त्याच्यासाठी २०१९ पासून एक पर्यायी स्थानिक नियम आहे. क्लबाने तो लागू केला असेल, तर चेंडू हरवल्यावर किंवा हद्दीबाहेर गेल्यावर टीवर परत न जाता, तो जिथे गेला असावा त्याच्या समोर फेअरवेच्या कडेला येऊन, होलाला जवळ न जाता, ड्रॉप करता येतो. पेनल्टी दोन फटक्यांची. टीवरून मारलेला चेंडू हरवला असेल, तर पुढचा फटका चौथा. आकडा सवलतीचा वाटतो, पण तो नेमका बेतलेला आहे. प्रोव्हिजनल मारून तो फेअरवेत पडला असता, तरी पुढचा फटका चौथाच असता. व्यावसायिकांच्या मोठ्या स्पर्धांसाठी हा नियम नाही, आणि आधीच प्रोव्हिजनल मारला असेल तर तो वापरता येत नाही.

शेवटी कार्डावर एकच आकडा जातो, पेनल्टीसकट. स्ट्रोक प्लेमध्ये तुमचे कार्ड सोबतचा खेळाडू लिहितो, पण प्रत्येक होलचा आकडा बरोबर असल्याची जबाबदारी तुमची. एखाद्या होलवर झाले त्यापेक्षा कमी फटके लिहून कार्ड दिले, तर स्पर्धेतून बाद केले जाते. पेनल्टी बसली हे खरोखरच ठाऊक नव्हते, तेवढ्यापुरती सूट मिळते आणि नुसती बेरीज दुरुस्त होते. म्हणून टीवर उभे राहण्याआधी चेंडूवर आपली खूण करा. फटका झाडीकडे वळलासा वाटला तर चालू लागण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ हा शब्द मोठ्याने उच्चारा. आणि होल संपल्यावर मारलेले फटके आणि पेनल्टीचे फटके वेगवेगळे सांगून बेरीज करा, म्हणजे कार्ड लिहिणाऱ्याचाही घोटाळा होणार नाही.